सहावी, दशांश अपूर्णांक: घटक चाचणीत सर्वाधिक चुकलेल्या प्रश्नांवर एक तासिका कशी आखावी?

वैशाली_कोरेगाव

नमस्कार. मी सहावीला गणित शिकवते, माध्यम मराठी. मागच्या आठवड्यात दशांश अपूर्णांकांची २० गुणांची घटक चाचणी घेतली. पट ४१, हजर ३८. उत्तरपत्रिका तपासून झाल्या आहेत. परवा माझ्याकडे एक जादा तासिका आहे, ३५ मिनिटांची. तेवढ्याच वेळात जे सगळ्यात जास्त चुकलं आहे ते पुन्हा शिकवायचं आहे, कारण त्यानंतर पुढचा घटक सुरू करावा लागेल.

किती जणांचं चुकलं ते असं:

प्र. २) २ मी ८ सेंमी म्हणजे किती मीटर? – १९
प्र. ३) ०.७ आणि ०.६५ यांत मोठी संख्या कोणती? – २१
प्र. ४) ०.४५ आणि ०.३ यांत मोठी कोणती? – ४
प्र. ७) ५ − २.३६ – २६
प्र. ९) ७ मीटर कापडातून २.२५ मीटरचे दोन सदरे शिवले, तर किती कापड शिल्लक राहील? – ३०
प्र. १०) ०.३ × ०.२ – २८

बाकीच्या प्रश्नांत पाच-सहा जणांच्याच चुका आहेत. या यादीप्रमाणे ९, १० आणि ७ हे तीन प्रश्न वर येतात. ३५ मिनिटांत तिन्ही घ्यावेत का? घ्यायचे तर कोणत्या क्रमाने? उपचारात्मक अध्यापनाचं टाचण लिहायला बसले आणि इथेच अडले.

प्रसाद_क

बाई, सोपं आहे. वरचे तीन घ्या. प्रत्येकाला दहा मिनिटं. आधी चाचणीतलाच प्रश्न फळ्यावर सोडवून दाखवा, मग त्याच प्रकारची तीन-चार उदाहरणं मुलांना द्या, शेवटची पाच मिनिटं शंकांना. मी दर चाचणीनंतर असंच करतो. मुलांना आपली चूक लगेच कळते, कारण उत्तरपत्रिका हातात असते. प्र. ४ चारच जणांचा चुकलाय, तो सोडून द्या.

रेवतीची_आई

माझीपण मुलगी सहावीतच आहे, तिला गणितात २० पैकी ११ मिळाले. वर पुन्हा शिकवण्याबद्दल वाचलं म्हणून विचारते, अशी पुन्हा चाचणी घेतली की नवे गुण धरतात का? आमच्या शाळेत विचारलं तर नीट उत्तर मिळालं नाही. आणि घरी तिच्याकडून काय करून घेऊ? मी रोज दहा गणितं घालते, पण ती रडते.

निवृत्त_गुरुजी

वैशालीताई, तुमच्या यादीत किती जण चुकले ते आहे, पण काय लिहून चुकले ते नाही. आखणी सगळी त्यावर ठरते. ५ − २.३६ ला ३.३६ लिहिणारा मुलगा वेगळा आणि ३.६४ लिहिणारा वेगळा. दोघांनाही फुली मिळाली, पण दोघांना एकच गोष्ट सांगून भागणार नाही.

उत्तरपत्रिका जवळ असतील तर आज रात्री एवढंच करा. चौकटीच्या वहीचं एक पान घ्या. उभ्या बाजूला हजेरी क्रमांक, आडव्या बाजूला हे सहा प्रश्न. बरोबर असेल तिथे काही लिहू नका. चूक असेल तिथे मुलाने लिहिलेलं उत्तर जसंच्या तसं लिहा आणि कोरं सोडलं असेल तर नुसती रेघ मारा. ३८ उत्तरपत्रिकांना तासभर लागेल. पान पुरं झालं की इथे सांगा, मग तासिकेचं बोलू.

प्र. ९ चं वाक्यही पुन्हा एकदा वाचा. '२.२५ मीटरचे दोन सदरे' म्हणजे प्रत्येक सदऱ्याला २.२५, की दोन्ही मिळून २.२५?

प्रसाद_क

गुरुजी, मान आहे तुमचा, पण एवढा वेळ कोणाकडे असतो? माझ्याकडे चार वर्ग आहेत. आणि मुलांच्या चुका शेवटी निष्काळजीपणाच्याच असतात.

निवृत्त_गुरुजी

प्रसादराव, चार वर्गांच्या सगळ्या प्रश्नांचं पान करा असं मी म्हणत नाही. जास्त चुकलेले पाच-सहा प्रश्न तेवढे घ्या. तेही जड जात असेल तर गठ्ठ्यातल्या कुठल्याही पंधरा उत्तरपत्रिका उचला. निष्काळजीपणाच्या चुका असतील तर उत्तरं विखुरलेली दिसतात, कोणाचं २.६५, कोणाचं २.५४, कोणाचं २६.४. पंधरातल्या सात-आठ जणांनी एकच चुकीचं उत्तर लिहिलं असेल तर तो निष्काळजीपणा नाही. त्या मुलांच्या डोक्यात एक नियम पक्का बसलाय आणि ती तो अगदी मन लावून वापरताहेत.

चिंतामणी_जोशी

वहीऐवजी स्प्रेडशीटमध्ये केलं तर मोजणी आपोआप होते. फक्त एक सांगतो, मीही तिथेच गोंधळलो होतो. मुलांची उत्तरं आकड्यांत भरू नका. एखाद्याने २.८० लिहिलं असेल तर शीट ते 2.8 करून टाकतं. रकाना मजकुराचा केला तरी मोजणीचं सूत्र 2.80 आणि 2.8 एकच धरतं. दशांशाच्या चाचणीत तर तेवढाच फरक बघायचा असतो. म्हणून प्रत्येक ठराविक चुकीला एक अक्षर ठरवा. समजा प्र. ३ ला ०.६५ लिहिलं तर 'क', प्र. ७ ला ३.३६ लिहिलं तर 'क', ३.६४ लिहिलं तर 'ख', कोरं असेल तर 'र'. प्र. ३ D रकान्यात आणि प्र. ७ H रकान्यात असेल, तर दोन्हीकडे 'क' असलेली मुलं अशी मोजता येतात:

```
=COUNTIFS(D3:D40,"क",H3:H40,"क")
```

दोन चुका एकाच मुलांच्या आहेत की वेगवेगळ्यांच्या, हे वहीच्या पानावर डोळ्यांनी शोधावं लागतं. इथे ते चटकन मिळतं.

वैशाली_कोरेगाव

सगळ्यांचे आभार. काल रात्री पान केलं, वहीतच. आता चित्र बरंच वेगळं दिसतंय.

प्र. २ मध्ये चुकलेल्या १९ पैकी १६ जणांनी २.८ लिहिलंय.
प्र. ३ मध्ये २० जणांनी ०.६५ मोठी म्हटलंय, एकाने कोरं सोडलंय.
प्र. ७ मध्ये २६ पैकी १५ जणांचं उत्तर ३.३६ आहे, ५ जणांचं ३.६४, उरलेल्या सहांचं काहीही.
प्र. ९ मध्ये ३० पैकी १७ कोरे. ८ जणांनी ४.७५ लिहिलंय. ५ इतर.
प्र. १० मध्ये २८ पैकी २४ जणांनी ०.६ लिहिलंय.

प्र. ७ ला ३.३६ लिहिणाऱ्या पंधरांपैकी १२ जणांनी प्र. ३ मध्येही ०.६५ मोठी म्हटलंय. २.८ लिहिणाऱ्या सोळांपैकी १३ जणांचंही तेच. म्हणजे मुलं बहुतेक तीच आहेत. प्र. ४ मध्ये चुकलेले चारही जण प्र. ३ मध्ये मात्र बरोबर आहेत. हे काही मला उलगडलं नाही.

निवृत्त_गुरुजी

छान काम झालं. आता एकेक प्रश्न बघू.

प्र. ९ सगळ्यात जास्त चुकला, पण या जादा तासिकेत तो नको. १७ जणांनी तो सोडवलाच नाही. वेळ संपला, वाक्य कळलं नाही की दोन पायऱ्यांचा धसका घेतला, हे कोऱ्या जागेवरून कळत नाही, त्यांना विचारावं लागेल. ४.७५ लिहिणाऱ्या आठ जणांनी तर ७ मधून २.२५ बिनचूक वजा केलेत. प्रश्नात 'प्रत्येकी' नव्हतं, त्यांनी दोन सदऱ्यांना मिळून २.२५ धरले. दशांशाची वजाबाकी त्यांना येते. प्रश्न सुधारून पुढच्या चाचणीत पुन्हा घाला.

प्र. १० ही बाजूला ठेवा. शतांश म्हणजे काय हेच ज्याला पक्कं नाही, त्याला दशांश गुणिले दशांश शतांश का होतं ते कसं पटणार? 'अंक मोजून चिन्ह द्या' एवढा नियम सांगितलात तर ०.०६ लिहितील आणि महिन्याने विसरतील. आधीचं पक्कं झालं की मग एक वेगळा तास द्या.

उरले २, ३ आणि ७. तिन्हींच्या मुळाशी एकच समज आहे. चिन्हाच्या उजवीकडचा भाग म्हणजे एक वेगळी, स्वतंत्र संख्या, असं मुलं धरून चालतात. म्हणून ६५ हे ७ पेक्षा मोठे. म्हणून ८ सेंमी म्हणजे 'पॉइंट आठ'. आणि ५ − २.३६ मध्ये ५ मधून २ गेले, ३६ मधून काही जायचं नाही, ते तसेच खाली उतरले. तीन प्रश्न वेगळे दिसतात, पण शिकवायची गोष्ट एकच आहे. तेवढ्यालाच ३५ मिनिटं पुरतील की नाही, अशी स्थिती आहे.

आता तुमचं कोडं. प्र. ४ मधले ते चार जण उलट्या समजुतीचे आहेत. दशांश मोठा, शतांश लहान, हे त्यांनी ऐकलंय. म्हणून ज्या संख्येत शतांशापर्यंत अंक आहेत ती लहान, असं ते ठरवतात. त्यामुळे ०.७ आणि ०.६५ मध्ये त्यांचं उत्तर बरोबर आलं आणि ०.४५ आणि ०.३ मध्ये चुकलं. ज्या वीस जणांना 'अंक जास्त ती संख्या मोठी' वाटतं, त्यांचं प्र. ४ त्याच चुकीच्या समजुतीने बरोबर आलं. म्हणजे ज्यांना खरोखर येतं ते दोन्ही प्रश्न बरोबर असलेले तेरा. तुम्हाला वाटत होते त्याहून कमी. मेलबर्न विद्यापीठातल्या के स्टेसी आणि विकी स्टाइनली यांनी मुलांच्या या समजुतींवर पुष्कळ काम केलंय, तिकडच्या मुलांतही हे दोन्ही गट सापडतात.

प्रसाद_क

प्र. ४ बद्दल मी घाई केली, हे मान्य. पण गुरुजी, ३.३६ वाले पंधरा जण एकाच बाकावरचे नाहीत ना, तेही बघायला हवं. माझ्या वर्गात एकदा सात जणांचं चुकीचं उत्तर सारखं आलं होतं आणि सातही जण एका रांगेतले निघाले.

निवृत्त_गुरुजी

रास्त शंका आहे. बैठकीप्रमाणे खुणा करून बघा. वर्गभर विखुरलेले असतील तर समजूत, एका कोपऱ्यात गोळा झालेले असतील तर नक्कल.

वैशाली_कोरेगाव

बघितलं. विखुरलेले आहेत. दोन बाकांवर जोड्या आहेत, पण तेवढंच.

गुरुजी, मग शिकवायचं कशाने? मी रुपये-पैशांनी शिकवलं होतं. ५ रुपये ५ पैसे म्हणजे ५.०५, असं. तेव्हा सगळे हो हो म्हणाले होते.

सुहास_पनवेल

क्रिकेटने शिकवा की! ४.३ षटकं, ४.५ षटकं, मुलांना तोंडपाठ असतं. मी मुलाला तसंच शिकवतो.

निवृत्त_गुरुजी

सुहासराव, षटकं नकोत. ४.३ षटकं म्हणजे चार षटकं आणि तीन चेंडू. ४.५ नंतर एक चेंडू पडला की ५ होतात. तिथला ठिपका दशांशचिन्ह नाहीच, एका षटकात चेंडू सहा. चिन्हाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या संख्या असतात ही जी समजूत आपल्याला काढायची आहे, षटकं तीच घट्ट करतात. मूल क्रिकेटवेडं असेल तर उलट हाच फरक त्याला शोधायला लावा, पण तो नंतर.

पैशांचंही थोडं तसंच. २५ पैसे आणि त्याखालची नाणी २०११ च्या जूनअखेर चलनातून गेली. आजच्या सहावीतल्या मुलाने पाच पैसे पाहिलेलेच नाहीत. शिवाय दुकानाच्या बिलावर चिन्हापुढे नेहमी दोनच अंक असतात, १२.५० किंवा १२.०५. दोन्ही संख्यांत चिन्हापुढे तेवढेच अंक असले की उजवीकडचा भाग स्वतंत्र संख्या मानणाऱ्याचंही उत्तर बरोबरच येतं. ०.७ आणि ०.६५ असा पेच पैशांत कधी येतच नाही, म्हणून वर्गात सगळे हो म्हणाले.

माझ्या अनुभवात १० × १० चौकटींचा कागद सगळ्यात चांगला. चौकटीच्या वहीतून दहा बाय दहाचे तुकडे कापायचे, प्रत्येक जोडीला सहा-सात. अख्खा तुकडा म्हणजे १. एक उभी पट्टी म्हणजे एक दशांश, एक चौकट म्हणजे एक शतांश. तासिका अशी करा.

पहिली पाच मिनिटं काही शिकवायचं नाही. फळ्यावर ०.४ आणि ०.३८ लिहा, मोठी कोणती ते प्रत्येकाने कागदावर लिहून झाकून ठेवायचं आणि एका ओळीत कारण लिहायचं. चाचणीतलीच संख्या घेऊ नका. प्रसादराव म्हणतात तसं तोच प्रश्न सोडवून दाखवला तर मुलं '०.७ मोठी' एवढं पाठ करतात. कारण मात्र लिहायला लावाच. 'कारण ३८ हे ४ पेक्षा मोठे' असं त्यांच्याच अक्षरात आलं की तुमचं काम अर्धं झालं.

मग बारा-तेरा मिनिटं रंगवायला. जोडीतल्या एकाने ०.४ रंगवायचे, दुसऱ्याने ०.३८. चार पट्ट्या रंगवल्या की चौकटी ४० होतात, दुसरीकडे ३८. तुम्ही 'शून्य लावून बघा' असं आधी सांगू नका. ०.४ आणि ०.४० एकच आहेत हे चौकटी मोजून त्यांच्याच तोंडून येऊ द्या. लगेच तिसरा तुकडा, ०.०४. तो रंगवला की २ मी ८ सेंमी म्हणजे २.०८ का, हे मीटरपट्टी न काढताही कळतं, आठ पट्ट्या की आठ चौकटी एवढाच प्रश्न उरतो.

पुढची दहा मिनिटं वजाबाकीला. ३ − १.२५ घ्या. आधी तोंडी अंदाज, '३ मधून १ काढला तर २ उरतात. आपण तर एकापेक्षा जास्त काढणार आहोत. मग उत्तर २ पेक्षा जास्त येईल की कमी?' त्यानंतर तीन अख्खे तुकडे ठेवून एक पूर्ण आणि पंचवीस चौकटी काढायच्या. २.२५ म्हणणारा कोणी असेलच. त्याला थांबवू नका. 'काढलेले १.२५ आणि उरलेले २.२५ परत एकत्र कर' म्हणा. साडेतीन होतात. तीनाचे साडेतीन कुठून झाले, हे तो स्वतः शोधू लागतो. मगच फळ्यावर ३ च्या जागी ३.०० लिहून उभी मांडणी दाखवा.

शेवटची पाच मिनिटं परतीची चिठ्ठी, नाव घालून, चार प्रश्न: ०.६ आणि ०.५७ मोठी कोणती, ०.३ आणि ०.४७ मोठी कोणती, ३ मी ५ सेंमी म्हणजे किती मीटर, ४ − १.७३. तुलनेचे दोन प्रश्न मुद्दाम उलट्या बाजूचे आहेत. एकच घातलात तर दोन गटांपैकी एक निसटतो.

३.६४ वाल्या पाच जणांना मधल्या सुट्टीआधी दोन मिनिटं बोलावून ५०० − २३६ करायला द्या. तिथेही ३६४ आलं तर त्यांची अडचण दशांशाची नाहीच, हातचा घेतल्यावर पाचाचे चार करायला ती विसरतात. ती पाच मुलं चौकटी रंगवून सुधारणार नाहीत.

मुक्ता_अकोले

आमची शाळा दोन शिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, चौथीत सात मुलं. सातांत 'सर्वाधिक चुकलेला प्रश्न' काढून काय मिळणार? चार चुकले काय आणि पाच चुकले काय.

निवृत्त_गुरुजी

मुक्ताताई, सातांच्या आकड्याला अर्थ नाही हे खरं. पण तुमच्याकडे एक सोय आहे जी वैशालीताईंकडे नाही. प्रत्येकाला जवळ बसवून 'हे कसं काढलंस, मला करून दाखव' असं विचारता येतं. चुकीच्या उत्तरावरून आम्ही जो अंदाज बांधतो तो तुम्हाला थेट ऐकू येतो. तक्ता करू नका. फक्त विचारताना 'चुकलंय' म्हणू नका, नाहीतर मूल लगेच उत्तर खोडून दुसरं लिहितं आणि आपल्याला काहीच कळत नाही. दोन-तीन बरोबर उत्तरांबद्दलही असंच विचारा.

चिंतामणी_जोशी

रेवतीची आई, तुमचा प्रश्न मागे राहिला. इथे चर्चा चाललीय ती वर्गात पुन्हा शिकवण्याची, फेरपरीक्षेची नाही. वार्षिक परीक्षेत नापास झाल्यावरची पुनर्परीक्षा आपल्या राज्यात पाचवी आणि आठवीला आहे, सहावीला नाही. घटक चाचणी पुन्हा घेतली तर गुण कसे धरायचे ते शाळेलाच विचारावं लागेल.

घरासाठी एक सुचवतो. रोजची दहा गणितं तूर्त थांबवा. उत्तरपत्रिका मागून घ्या, चुकलेल्यांतला एकच प्रश्न निवडा आणि तिला तो तुम्हाला शिकवायला सांगा. तुम्ही फक्त 'का?' विचारा.

रेवतीची_आई

धन्यवाद. उत्तरपत्रिका मिळाली. तिनेही २.८ च लिहिलंय! ती म्हणते, 'आई, आठ सेंटिमीटर आहेत ना, मग पॉइंट आठच.' मला पटकन समजावता आलं नाही. चौकटीचा कागद कापते.

मुक्ता_अकोले

आपण स्वतः ३.१२ 'तीन पॉइंट बारा' असं वाचतो, त्यामुळेही मुलांना ते बारा वाटत असेल का? 'तीन पॉइंट एक दोन' म्हणायची सवय मला स्वतःलाच लावावी लागली.

निवृत्त_गुरुजी

लागते. 'तीन पूर्णांक बारा शतांश' म्हणालात तरी चालेल, त्यात शतांश ऐकू येतं. नुसतं 'पॉइंट बारा' टाळा.

वैशाली_कोरेगाव

तासिका झाली. हजर ३६. आधी चिठ्ठ्यांचे आकडे देते.

०.६ आणि ०.५७: चुकले ६.
०.३ आणि ०.४७: चुकले ९.
३ मी ५ सेंमी: चुकले ८, आठही जणांचं ३.५.
४ − १.७३: बरोबर २२. ३.७३ लिहिणारे ५. ३.२७ लिहिणारे ४. बाकी ५ इतर.

मागच्या वेळी वजाबाकी १२ जणांची बरोबर होती, आता २२. रंगवायला तेरा नाही, जवळजवळ वीस मिनिटं गेली, कारण कापलेले तुकडे कमी पडले आणि चार जोड्यांनी पट्टी आडवी की उभी यावरच वाद घातला. त्यामुळे वजाबाकी एकच झाली, तीही घाईत. पण तीनाचे साडेतीन कसे झाले यावर वर्गात खूप बोलणं झालं. एक मुलगी जी एरवी तोंड उघडत नाही ती म्हणाली, 'बाई, त्याने पंचवीस काढलेच नाहीत, नुसते लिहिलेत.' इतकं नेमकं मला सांगता आलं नसतं.

३.६४ वाल्या पाचांना ५०० − २३६ दिलं. चौघांचं ३६४ आलं. ३.२७ लिहिणारे तेच चौघे आहेत. त्यांच्यासाठी तिसरीतल्या हातच्याच्या वजाबाकीपासून सुरुवात केली आहे, परिपाठाआधीच्या वेळात.

मला काळजी वाटते ती ०.३ आणि ०.४७ ची. चुकलेल्या नऊ जणांत आधीचे चार आहेतच, पण पाच नवीन आहेत. आणि हे पाच आधी '०.६५ मोठी' म्हणणाऱ्यांतले. म्हणजे माझ्या तासिकेनंतर ते दुसऱ्या टोकाला गेले. असं का झालं असेल?

निवृत्त_गुरुजी

असं होतं. ०.४ आणि ०.३८ च्या जोडीत कमी अंकांची संख्या मोठी निघाली, मग सगळ्या वर्गाने २ मी ८ सेंमीतही 'एक अंक मोठा, दोन अंक लहान' असंच पाहिलं. पाच जणांनी जुना नियम टाकून नवा नियम उचलला, चौकटी मोजल्या नाहीत. रंगवताना दुसऱ्या बाजूची एक जोडी, समजा ०.२ आणि ०.३५, असायला हवी होती, ती मी सांगितलेल्या आखणीत फक्त चिठ्ठीत होती.

त्या नऊ जणांना पुन्हा पूर्ण तास नको. पुढच्या घटकाच्या तासाला सुरुवातीची पाच मिनिटं काढा. ०.२, ०.३५, ०.०९, ०.४ असे चार तुकडे रंगवून भिंतीवर लावा आणि चढत्या क्रमाने लावायला त्यांनाच उभं करा. चारही संख्या एकदम समोर असल्या की अंक मोजून भागत नाही. दहा-बारा दिवसांनी तोच तुलनेचा उलटसुलट जोडप्रश्न वेगळ्या संख्या घालून पुन्हा द्या. त्याच दिवशीची चिठ्ठी हे ताजं आठवणारं असतं, तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

प्रसाद_क

एक विचारायचं राहिलं. ज्या तेरा जणांना सगळं येत होतं त्यांनी ३५ मिनिटं काय केलं? माझ्या वर्गात अशी मुलं कंटाळून गोंधळ घालतात. मी तर त्यांना वेगळं बसवून प्र. १० सारखी कठीण उदाहरणं देतो.

वैशाली_कोरेगाव

मी त्यांना जोडीत विभागून बसवलं होतं, एक येणारा आणि एक न येणारा. पण तीन-चार जोड्यांत येणाऱ्यानेच दोन्ही तुकडे रंगवून टाकले आणि दुसरा बघत बसला. ३.७३ लिहिणाऱ्या पाचांतले दोघे त्याच जोड्यांतले आहेत.

निवृत्त_गुरुजी

मी जोडी करतो, पण पेन्सिल न येणाऱ्याच्याच हातात देतो. दुसऱ्याने फक्त बोलायचं. तरीही प्रसादरावांच्या म्हणण्यात तथ्य आहे, तेरांपैकी काहींचा तो तास फुकट जातो. वेगळं बसवलं तर तुम्हाला एकाच वेळी दोन वर्ग सांभाळावे लागतात. यावर माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

मुक्ता_अकोले

दोन वर्ग एकाच वेळी सांभाळणं आमचं रोजचंच आहे. प्रसाद सर, कठीण उदाहरणं देण्यापेक्षा त्या तेरा जणांना चुकीची उत्तरं द्या. '४ − १.७३ = ३.७३ असं एकाने लिहिलं, त्याने काय विचार केला असेल ते लिहा.' माझ्या चौथीतली दोन मुलं यावर अर्धा तास गुंतून राहतात आणि मला बाकीच्यांकडे बघता येतं.

प्रसाद_क

हे करून बघतो. माझी आठवीची चाचणी सोमवारी आहे, बैजिक राशींची. या वेळी आधीच ठरवतो, प्रत्येक प्रश्नाला कोणतं चुकीचं उत्तर येऊ शकेल ते चाचणीआधीच शेजारी लिहून ठेवतो. जे उत्तर दोन वेगळ्या समजुतींनी येऊ शकतं तो प्रश्न बदलायचा, एवढं तरी मला जमेल. आकडे आले की इथे टाकतो.